बिल अडकलंय, काम देणारे साहेब कंपनी सोडून गेले आणि आता मंजुरी कोणाची हेच कोणी सांगत नाही

पुस्तिकावाली (14 जुलै 2025)

नमस्कार मंडळी. मी पुण्यात मशीनच्या मॅन्युअलचं भाषांतर आणि लेआउट करते, एकटीचाच धंदा आहे. चाकणच्या एका मशीन बनवणाऱ्या कंपनीचं काम जानेवारीत घेतलं, हिंदी आणि मराठी ऑपरेटर मॅन्युअल, परचेस ऑर्डर म्हणजे पीओ आला दीड लाखाचा. फेब्रुवारीत तिथले असिस्टंट मॅनेजर, ज्यांच्याशी माझं सगळं बोलणं व्हायचं, ते म्हणाले मशीनवर लावायचे सेफ्टी स्टिकरपण दोन्ही भाषांत करून द्या, पीओ वाढवून देतो. 34 हजार ठरले, व्हॉट्सॅपवर त्यांचा होकार आहे. 5 मार्चला सगळं दिलं आणि 10 मार्चला एकच बिल लावलं, 1,84,000 अधिक जीएसटी 33,120, म्हणजे 2,17,120. पीओवर 45 दिवसांची मुदत लिहिलेली आहे.

31 मार्चला ते साहेब नोकरी सोडून गेले, मला कळलं एप्रिलच्या शेवटी जेव्हा मेल परत यायला लागले. तेव्हापासून अकाउंट्सला फोन केला की ते म्हणतात युजर डिपार्टमेंटकडून क्लिअरन्स नाही, त्या डिपार्टमेंटला फोन केला की ते म्हणतात हे काम आमच्या माहितीत नाही, परचेसवाले म्हणतात पीओ दिला की आमचं काम संपलं. तीन महिने हेच चालू आहे. कोणी नाही म्हणत नाही, कोणी वाईट बोलत नाही, पण कोणाच्याच टेबलवर माझं बिल नाहीये. एप्रिलमध्ये जीएसटीचे 33 हजार मी खिशातून भरलेत. काय करू?

दुबईकर (14 जुलै)

ताई, त्या साहेबांनीच काम दिलं ना, मग त्यांनाच नोटीस पाठवा. शब्द त्यांनी दिला होता.

पुस्तिकावाली (14 जुलै)

दादा, काम कंपनीचं होतं, पीओ कंपनीचा आहे. ते साहेब चांगले होते हो, त्यांच्यावर माझा राग नाही.

हिशेबनीस_सांगली (14 जुलै)

छोट्या उद्योगांचं उद्यम रजिस्ट्रेशन आहे का तुमचं? असेल तर सरळ सरकारच्या थकलेल्या बिलांच्या पोर्टलवर तक्रार टाका, 45 दिवसांच्या पुढे चक्रवाढ व्याज लागतं, बँक रेटच्या तिप्पट. शिवाय 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तर कंपनीला तुमच्या बिलावरचं जीएसटी क्रेडिट, म्हणजे तिने स्वतःच्या करातून घेतलेली वजावट, उलटवावं लागतं, 10 मार्चपासून मोजलं तर 6 सप्टेंबर. हे दोन्ही लिहून कडक मेल टाका, आठवड्यात पैसे येतील.

जुना_बायर (15 जुलै)

मी 26 वर्षं परचेसमध्ये काढलीत, आता निवृत्त आहे. सांगलीकरांचं व्याजाचं बरोबर आहे पण 180 दिवसांचं इथे लागू पडेल असं वाटत नाही. क्रेडिट उलटवायचं तर ते आधी घेतलेलं असायला हवं, आणि ताईंचं बिल तर त्यांनी अजून बुक केलेलंच दिसत नाही. ज्याने क्रेडिट घेतलंच नाही त्याला ते जाण्याची भीती घालून काय उपयोग.

ताई, आधी आतलं यंत्र कसं चालतं ते सांगतो म्हणजे कुठे अडकलंय ते दिसेल. अकाउंट्स बिल पास करताना तीन कागद जुळवतं, पीओ, बिल, आणि काम मिळालं याची सिस्टममधली नोंद. मालाला ती नोंद स्टोअर करतं, जीआरएन म्हणतात. तुमच्यासारख्या सेवेला स्टोअर नसतं, तिथे ज्या खात्याने काम मागितलं त्यानेच सर्व्हिस एन्ट्री करायची आणि त्या खात्याच्या वरच्या माणसाने ती सिस्टममध्ये मंजूर करायची. तुमचे साहेब ती एन्ट्री करणार होते, मार्चच्या गडबडीत राहिली, आणि गेल्यावर त्यांचा आयडी लॉक झाला. तुम्हाला सगळे खरंच सांगतायत, म्हणूनच कोणावर बोट ठेवता येत नाही.

म्हणून "त्यांच्या जागी कोण आलं" हे विचारू नका. जागा रिकामीच असेल किंवा नवीन माणूस म्हणेल मी हे काम पाहिलंच नाही, सही कशी करू, आणि त्याच्या बाजूने ते रास्त आहे. विचारायचं हे, की हा पीओ कोणत्या कॉस्ट सेंटरवर आहे आणि त्या कॉस्ट सेंटरचा मालक आज कोण. पैसे ज्याच्या बजेटातून जाणार तो माणूस कंपनीत नेहमी असतो, एक गेला की त्याच क्षणी दुसऱ्याच्या नावावर ते चढतं. पीओच्या मागे पीआर म्हणजे खात्याने टाकलेली खरेदीची मागणी असते, परचेसमधल्या बायरला त्याच्या स्क्रीनवर दोन मिनिटांत दिसतं कोणी मागणी टाकली आणि कोणी मंजूर केली.

आणि अजून एक, तुमच्या नावाने कापलेला टीडीएस दाखवणारा फॉर्म 26एएस उघडून बघा. त्या कंपनीच्या नावाने मार्चअखेर काही टीडीएस दिसतोय का?

वेल्डिंगवाले_काका (15 जुलै)

आमचं अंबडला फॅब्रिकेशन आहे नाशिकला, आमचंपण असंच झालेलं. 11 ब्रॅकेट पाठवले, गाडी आत गेली, माल उतरला, आणि ज्या स्टोअरकीपरने घेतला तो दुसऱ्या प्लांटला बदलून गेला, जीआरएन झालीच नाही, नवीन माणूस म्हणतो मला स्टॉकमध्ये दिसत नाही. शेवटी आमच्या ड्रायव्हरकडे चलनाची कॉपी होती त्यावर गेटचा इनवर्ड शिक्का आणि नंबर, तो नंबर सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये निघाला आणि मग ब्रॅकेट पण निघाले, दुसऱ्या शेडमध्ये ठेवलेले होते. तेव्हापासून शिक्का नसलेलं चलन घेऊन ड्रायव्हरला मी परत येऊ देत नाही. ताईंच्या कामाला गेट नाही हाच प्रॉब्लेम आहे.

जुना_बायर (15 जुलै)

काका अगदी बरोबर. गेट नसलं की वापर दाखवावा लागतो. ताई, तुमचं मॅन्युअल तिथे कोणी वापरतंय याचा काही पुरावा?

पुस्तिकावाली (16 जुलै)

बायरकाका, 26एएस पाहिलं आणि थक्क झाले. त्या कंपनीच्या नावाने 31 मार्च 2025 ची नोंद आहे, रक्कम 1,50,000, टीडीएस 15,000. मला तर एक रुपया आलेला नाही मग हा टीडीएस कसा?

आणि वापराचं म्हणाल तर एक मेल सापडला. 16 एप्रिलला त्यांच्या सर्व्हिस डिपार्टमेंटच्या एका इंजिनिअरने मेल केला होता की मराठी मॅन्युअलच्या पान 42 वर बोल्ट टाइट करायचा टॉर्कचा आकडा मूळ इंग्रजीतच चुकला होता तो बदलून द्या, मशीनसोबत छापील प्रत जाते. मी त्याच दिवशी बदलून दिला होता.

जुना_बायर (16 जुलै)

ताई, तुमचं अर्धं काम झालं. आता नीट वाचा.

मार्चअखेर वर्ष बंद होताना अकाउंट्स सगळ्या खात्यांना विचारतं, काम झालंय पण बिल बुक नाही असं काय आहे ते द्या. त्याची तरतूद करतात, म्हणजे खर्च त्या वर्षात धरून ठेवतात, आणि पार्टीचं नाव माहीत असेल तर टीडीएसपण तेव्हाच कापून भरतात. जानेवारी ते मार्चचं टीडीएस रिटर्न 31 मेपर्यंत भरायचं असतं, म्हणून तुम्हाला ते जूनच्या आधी दिसलं नसतं. याचा अर्थ मार्चमध्ये कोणीतरी खातेप्रमुखाने तुमचं नाव आणि दीड लाख हा आकडा अकाउंट्सला लिहून दिलाय. तो माणूस शोधा, तोच तुमच्या मंजुरीचा मालक. अकाउंट्सला हे विचारलं की ते टाळता येत नाही कारण तरतूद त्यांच्याच वहीत आहे.

पण याच्यावर जास्त भार टाकू नका. टीडीएस कापला म्हणजे काम स्वीकारलं असं कंपनी मानेलच असं नाही, अंदाजे धरलं होतं म्हणून तरतूद उलटवता येते. तो पुरावा कमी आणि पत्ता जास्त आहे.

दुसरं, दीड लाख का आणि 1,84,000 का नाही? कारण सिस्टममध्ये पीओ दीड लाखाचाच आहे. स्टिकरचे 34 हजार कुठेच नाहीत. म्हणजे उद्या कोणी एन्ट्री केली तरी तुमचं बिल पीओपेक्षा जास्त निघून अडकणारच आहे. तुम्ही चांगल्या मनाने एकच बिल केलंत पण त्याने पीओवालं स्वच्छ काम बिनपीओच्या कामाला बांधलं गेलं.

हिशेबनीस_सांगली (16 जुलै)

मग जुनं बिल रद्द करून आजच्या तारखेची दोन नवीन बिलं करा, सोपं.

जुना_बायर (17 जुलै)

नको. आजची तारीख टाकली की त्यांचे 45 दिवस आजपासून मोजायला लागतील, आणि 10 मार्चचं बिल तुमच्या रिटर्नमध्ये गेलंय, त्यावर कर भरलाय. जुनं बिल जिवंत ठेवा आणि फक्त स्टिकरपुरती, बिल तेवढं कमी करणारी क्रेडिट नोट द्या, 34,000 अधिक 6,120. मग बिल उरतं 1,77,000 चं, पीओशी रुपयाला रुपया जुळतं. क्रेडिट नोटवर कारण स्पष्ट लिहा की हे काम मूळ पीओत नाही, पीओ दुरुस्तीनंतर वेगळं बिल येईल.

सीए_कोथरूड (17 जुलै)

इथे थोडं थांबा. काम प्रत्यक्ष दिलेलं आहे, ग्राहकाने परत केलेलं नाही, किंमतही कमी झालेली नाही. अशा वेळी जीएसटीत क्रेडिट नोट बसते का यावर माझं मत नाही बसत असं आहे, काहीजण बसते म्हणतात. आणि दुसरी गोष्ट, लेखी काही हातात न घेता क्रेडिट नोट दिलीत तर उद्या कंपनी म्हणेल तुम्हीच 34 हजार सोडलेत. मी असतो तर कंपनीलाच सांगितलं असतं की बिल दीड लाखापुरतं पास करा आणि बाकीचं वादात म्हणून थांबवा. बऱ्याच सिस्टममध्ये तसं करता येतं.

जुना_बायर (17 जुलै)

करता येतं पण करत नाहीत साहेब. अर्धं बिल पास करायला कोणाला तरी शेरा लिहावा लागतो, आणि शेरा लिहायला कोणी तयार नाही म्हणून तर हे सगळं झालंय. तरी लेखी घेतल्याशिवाय क्रेडिट नोट देऊ नका हे मान्य, शंभर टक्के.

पुस्तिकावाली (17 जुलै)

माझ्या सीएंशी बोलते. आणि गेलेल्या साहेबांना फोन करू का? नंबर आहे, पण त्यांना अडचणीत टाकायचं नाही.

जुना_बायर (18 जुलै)

करा, पण विचारायचं फक्त एवढं, हे काम कोणाच्या सांगण्यावरून होतं आणि आता तिथे कोणाला भेटू. जुने ऑफिसचे मेल फॉरवर्ड करा असं चुकूनही म्हणू नका, ते त्यांना करता येत नाही. त्यांच्याकडून मंजुरी मागू नका, ती देण्याचा अधिकार त्यांच्याकडे उरलेला नाही.

कोल्हापुरी_प्रिंटर (19 जुलै)

मधेच विचारतो, माझंपण 62 हजार अडकलंय छपाईचं, उद्यम काढलेलं नाही, आता काढून जुन्या बिलावर व्याज मागता येईल का?

सीए_कोथरूड (19 जुलै)

सुप्रीम कोर्टाने 2021 च्या निकालात म्हटलंय की नोंदणीनंतर दिलेल्या मालालाच किंवा सेवेलाच हे संरक्षण. जानेवारी 2025 मध्ये दुसऱ्या प्रकरणात हा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे पाठवलाय. तोपर्यंत जुन्या बिलावर भरवसा ठेवू नका, पण उद्यम आजच काढा, फुकट आहे, पुढच्या बिलांना कामी येईल.

पुस्तिकावाली (24 जुलै)

अपडेट देते. साहेबांशी बोलले, दोन मिनिटांत सांगितलं की मागणी सर्व्हिस डिपार्टमेंटची होती, ते स्वतः इंजिनिअरिंगमध्ये बसायचे म्हणून मी तीन महिने चुकीच्या डिपार्टमेंटला फोन करत होते! स्टिकरचं सर्व्हिसच्या प्रमुखांनी मीटिंगमध्ये तोंडी हो म्हटलेलं. अकाउंट्सलापण विचारलं की मार्चची तरतूद कोणी दिली, तिथल्या मुलीने स्क्रीन बघून तेच नाव सांगितलं.

आता त्यांना मेल लिहायचाय, पण भीती वाटते की हे पण म्हणतील माहीत नाही.

जुना_बायर (24 जुलै)

त्यांच्या खुर्चीत बसून विचार करा. त्यांनी काम कागदावर पाहिलेलं नाही, सही केली आणि उद्या ऑडिटरने विचारलं तर उत्तर त्यांच्याकडे हवं. तुम्ही ते उत्तर तयार करून द्या. एक पान, जास्त नाही. पीओ नंबर आणि त्यातल्या दोन ओळी, प्रत्येक ओळीसमोर काय दिलं, कधी दिलं, कोणाला मेल केला. खाली त्यांच्याच इंजिनिअरचा 16 एप्रिलचा मेल जोडा, तो तुमचा सगळ्यात भारी कागद आहे, कारण त्यांचा माणूस म्हणतोय छापील प्रत मशीनसोबत जाते. बिलाबद्दल तक्रार, किती फोन केले, कोण काय बोललं, यातलं एक अक्षर नको. शेवटी एकच मागणी, या दोन ओळींची सर्व्हिस एन्ट्री करून द्यावी. "पेमेंट करा" म्हणू नका, पेमेंट त्यांच्या हातात नाही, एन्ट्री आहे. सीसीत बायर आणि अकाउंट्स.

स्टिकरचं वेगळ्या मेलमध्ये. एकत्र केलंत तर परत तीच गाठ.

हिशेबनीस_सांगली (24 जुलै)

पान 42 चा मेल जोडला तर कामात चूक होती असं म्हणणार नाहीत का?

सीए_कोथरूड (25 जुलै)

चूक मूळ इंग्रजीतली होती आणि त्याच दिवशी दुरुस्त झाली. शिवाय एमएसएमई कायद्यात डिलिव्हरीपासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर स्वीकारलं असंच धरतात. 5 मार्चचे 15 दिवस 20 मार्चला संपले, मेल 16 एप्रिलचा आहे. जोडाच.

आणि ताई, अकाउंट्सच्या टॅक्सवाल्या माणसासाठी एक ओळ मी सुचवतो. 180 दिवस लागू नाही पण दुसरी तारीख लागू आहे. 2024-25 च्या बिलाचं जीएसटी क्रेडिट घ्यायची शेवटची मुदत 30 नोव्हेंबर 2025. तोपर्यंत बुक झालं नाही तर तुमच्या बिलावरचे 27 हजार कंपनीचे कायमचे गेले, आणि पैसे तर तरी द्यावेच लागणार. तसंच तुम्ही सूक्ष्म उद्योग आहात आणि बिलाची मुदत उलटलीय, म्हणजे तरतूद केलेले दीड लाख त्यांना त्या वर्षीच्या आयकरात खर्च म्हणून मिळत नाहीत, प्रत्यक्ष देतील त्या वर्षी मिळतील. टॅक्स ऑडिट सुरू आहे, ते हे शोधतच असतात. धमकी म्हणून लिहू नका, माहिती म्हणून लिहा, उद्यम सर्टिफिकेट जोडा.

पुस्तिकावाली (11 ऑगस्ट)

मेल 28 जुलैला गेला. आठ दिवस शांतता. मग कंपनीच्या बायरने स्वतः फोन केला, म्हणाला एन्ट्री करायला घेतली तर पीओ मार्चअखेर बंद झालेला दिसतोय, उघडावा लागेल, आणि मंजुरी अजून जुन्या आयडीकडे जातेय, आयटीला तिकीट टाकलंय मार्ग बदलायला. म्हणजे सर्व्हिसच्या साहेबांनी हो म्हटलं तरी त्यांच्या स्क्रीनवर ते येतच नव्हतं.

जुना_बायर (11 ऑगस्ट)

छान बातमी आहे ही, आता अडचण माणसाची नाही, मशीनची आहे. तिकीट नंबर मागून घ्या आणि दर सोमवारी फक्त तो नंबर लिहून बायरला विचारा. नंबर असला की विचारणं टोचत नाही.

वेल्डिंगवाले_काका (12 ऑगस्ट)

ताई धीर धरा पण सोडू नका. आम्हाला सात महिने लागलेले.

पुस्तिकावाली (19 सप्टेंबर)

22 ऑगस्टला एन्ट्री झाली. मग अकाउंट्सने बिल जास्तीचं आहे म्हणून थांबवलं, बायरकाका म्हणाले होते तसंच. माझ्या सीएंनी क्रेडिट नोटला नको म्हटलं, मी कंपनीला लिहिलं की दीड लाखापुरतं घ्या. दोन आठवडे गेले त्यात, पण टॅक्सच्या एका बाईंनी 30 नोव्हेंबरची ओळ वाचली होती, त्यांनीच शेरा लिहून पास करून घेतलं. काल खात्यात 1,62,000 आले, 1,77,000 वजा तो 15,000 टीडीएस जो मार्चमध्येच कापला होता. बायरकाका, कोथरूडचे सीए साहेब, काका, सगळ्यांचे मनापासून आभार.

व्याज मागितलं नाही. मागायला हवं होतं का माहीत नाही, पुढचं गुजराती मॅन्युअल त्यांनी विचारलंय.

सीए_कोथरूड (19 सप्टेंबर)

अभिनंदन. व्याजाचा हक्क सोडला असं कुठे लिहून देऊ नका, एवढंच. आणि 34 हजारांचं?

पुस्तिकावाली (20 सप्टेंबर)

त्याचा वेगळा मेल सर्व्हिसच्या साहेबांकडे आहे, गेलेल्या साहेबांचा व्हॉट्सॅपचा होकार आणि मशीनवर लागलेल्या स्टिकरचा फोटो जोडलाय, फोटो त्याच पान 42 वाल्या इंजिनिअरने पाठवला. साहेब म्हणतात काम झालंय हे मान्य पण मागच्या तारखेचा पीओ देता येत नाही, नवीन गुजरातीच्या पीओत ओळ टाकू.

जुना_बायर (20 सप्टेंबर)

ते लेखी घ्या, आणि ती ओळ "मागील सेफ्टी स्टिकर, हिंदी व मराठी" अशीच लिहून घ्या, गुजरातीच्या दरात मिसळू देऊ नका. आणि तो पीओ हातात येईपर्यंत गुजरातीचं एक पान सुरू करू नका.

हिशेबनीस_सांगली (20 सप्टेंबर)

पण मार्चच्या बिलात ते 34 हजार आधीच आहेत, त्यावरचा 6,120 कर भरलाय. नवीन पीओवर परत बिल केलं तर कर दोनदा नाही का जाणार?

सीए_कोथरूड (21 सप्टेंबर)

जाईल. नवीन बिल करू नका, जुन्याच बिलाचा उरलेला भाग त्या पीओ ओळीवर घ्या म्हणून विचारा. त्यांची सिस्टम मार्चचं बिल सप्टेंबरच्या पीओवर घेईल का ते मला सांगता येणार नाही, बायरकाका सांगतील.

जुना_बायर (21 सप्टेंबर)

आमच्याकडे घेत नव्हती. ताई, त्यांच्या बायरला विचारून इथे लिहा.

पुस्तिकावाली (22 सप्टेंबर)

विचारलंय. तो म्हणाला अकाउंट्सला विचारून सांगतो.